गेटखालचं तीस सेंटीमीटर पाणी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या कालव्याचं डोकं एका जिल्ह्यात आणि शेपूट दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. धरणाजवळचं मुख्य गेट जळकोटच्या बाजूला, माझ्या शाखेत. टेलची, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाची गावं नांदेडच्या बाजूला, माझ्या एका वर्गमित्राच्या शाखेत. आम्ही दोघंही ज्युनियर इंजिनिअर, एकाच वर्षी लागलेलो, एकाच पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेलो. मी देवणीकडच्या पंचवीस एकरवाल्या घरातला. तो किनवटच्या वसतिगृहात राहून शिकलेला, बौद्ध घरातला, बाप रेल्वेच्या रुळांवर मजुरी करणारा.

हायड्रॉलिक्समध्ये तो कॉलेजात पहिला आला होता. निकाल मी स्वतः फळ्यावर वाचला होता. तरी घरी कोणी विषय काढला की मी म्हणायचो, ‘त्याला काय, राखीव जागा हाय.’ असं म्हटलं की मला बरं वाटायचं, आणि तो पहिला आला होता हे दोन मिनिटं विसरता यायचं.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. धरणात होतं तेवढ्या पाण्यातून टेलच्या गावांचे पिण्याचे तलाव भरायचे होते, त्यासाठी एकच पाळी, म्हणजे कालव्याला पाणी एकदाच सुटणार. आणि त्याच सुमाराला बातमी आली की लातूरला नवं ऑफिस उघडतंय, पाण्याच्या नियोजनाच्या टेबलावर आमच्यातला एकजण घेणार. मला ती जागा हवी होती. सगळे धरून चालले होते की त्यालाच मिळणार, आणि सगळ्यांत जास्त मी धरून चाललो होतो.

पाळी सुरू झाली. दोन मीटर रुंदीचं गेट आम्ही अर्धा मीटर उचललं. मागे पाणी दोन मीटर उभं. गेटपुढची खोली मोजायला मी मोजपट्टी पाण्यात उभी धरली. पाणी पट्टीवर उसळत चढत होतं, मी अंदाजानं अर्धा मीटर वाचलं. गेटही अर्धा मीटरच उघडं होतं, म्हटलं बरोबर जुळतंय. मागची आणि पुढची खोली सूत्रात घातली, उत्तर आलं सेकंदाला साडेपाच घनमीटरच्या थोडं वर. रजिस्टरमध्ये लिहिलं.

चौथ्या दिवशी टेलकडून त्याचा आकडा आला, सव्वातीन. सव्वादोन घनमीटर पाणी वाटेत गायब. मला हिशेब पुन्हा तपासता आला असता. मी तपासला नाही. मी त्याच दिवशी वरती कळवलं की टेलच्या शाखेत पाणीचोरी होत असून तिथले शाखाधिकारी डोळेझाक करतात. तो कागद लिहिताना माझा हात जितका हलका होता तितका पुन्हा कधी झाला नाही. आता बघतो लातूरला कोण जातंय ते, असं मनात म्हणत होतो.

आमचे कार्यकारी अभियंता, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो, त्यांनी दोघांनाही गेटवर बोलावलं. तो आला सायकल ढकलत, एका हातात ओळंबा आणि टेप.

साहेबांनी माझा कागद त्याच्या हातात दिला. तो वाचत असताना मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्यानं घडी घालून कागद परत केला आणि मला विचारलं, “खोली कशानं मोजली तू?”

“पट्टीनं.”

“बुडवून?”

“हाव. मग कशी?”

“इतक्या जोरात वाहून राहिलंय, त्यात पट्टी धरली की पाणी पट्टीवर चढणारच. ती खरी खोली न्हाई.”

गेटपुढच्या दोन्ही भिंतींवर त्यानं एक फळी आडवी टाकली. गेटच्या अगदी तोंडाशी नाही, हातभर पुढे, जिथं पाण्याची पाठ सपाट झाली होती तिथं. फळीवर पोटावर झोपून ओळंबा सोडला. टोक पाण्याला नुसतं टेकलं तिथं टेप वाचली. तळापर्यंतचं अंतर कालवा कोरडा असतानाच त्यानं भिंतीवर खूण करून ठेवलं होतं, ते मला ठाऊकही नव्हतं. वजाबाकी केली. तीस सेंटीमीटर.

“गेटच्या खालून निघालं की पाणी आणखी आकसतं,” तो साहेबांना म्हणाला. “जेवढं उघडलंय त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतं.”

हे मलाही शिकवलं होतं. त्याच बाकावर, त्याच तासाला. मी ते विसरलो नव्हतो, मी फक्त त्या दिवशी आठवलं नाही.

साहेबांनी भिंतीवरच खडूनं हिशेब केला. मागे दोन मीटर, पुढे तीस सेंटीमीटर, दोन्हीकडची ऊर्जा सारखी धरायची. प्रवाह निघाला साडेतीन. त्याचे सव्वातीन आणि कालव्याची नेहमीची झिरप धरली तर चोरी उरतच नव्हती. साहेबांनी माझा कागद घडीसकट खिशात घातला. माझ्यासमोर फाडला असता तर सोपं गेलं असतं.

पण तलाव भरायचे तर साडेपाचच लागणार होते. म्हणजे गेटपुढे खरोखर अर्धा मीटर पाणी हवं, आणि त्यासाठी गेट ब्याऐंशी सेंटीमीटरपर्यंत उचलायला हवं. गेट उचलायचं चाक जड झालं होतं. गेट पाण्याच्या जोरानं खाचेत दाबलेलं, त्याला वर ओढणाऱ्या स्क्रूची ताकद दोन टन. जोर जास्त असेल तर स्क्रू मोडेल, मग कालवा बंद आणि पाळी संपली.

“गेटवर आडवा जोर किती?” साहेबांनी विचारलं.

मी पटकन म्हणालो, “चार टन.” एक तरी उत्तर माझं पहिलं यावं म्हणून.

“चार टन बंद गेटवर,” तो म्हणाला. “ते उभ्या पाण्याचं. आता पाणी वाहतंय.” त्यानं खडू घेतला. मागच्या पाण्याचा दाब, त्यातून पुढच्या तीस सेंटीमीटरचा दाब वजा, आणि पाणी जो वेग घेऊन पुढे पळतं त्याला लागणारा जोरही वजा. उरले दोन टनांच्या किंचित वर. हा आडवा जोर; स्क्रूला उचलायचं ते फक्त त्यामुळं खाचेत होणारं घर्षण आणि गेटचं वजन, मिळून दीड टन. स्क्रूला पेलण्यासारखं.

आम्ही तिघांनी आणि चौकीदारानं चाक फिरवलं. गेट कुरकुरत वर आलं. त्याच्या तळहाताला फोड आले, माझ्याही आले.

निघताना साहेब म्हणाले, “हा मला कालव्यावर पाहिजे, दुष्काळ आहे. लातूरच्या टेबलावर तू जा.”

मला हवी होती ती जागा अशी मिळाली. तो जाताना मला एवढंच म्हणाला, “गावातल्या लोकांना चोर म्हनला तू. मला म्हनला असतास तर चाललं असतं.” आणि सायकलवर बसला.

लातूरला पहिल्याच महिन्यात त्याचा पाण्याच्या मोजमापाचा तक्ता माझ्या टेबलावर आला. तपासणं माझं काम. पूर्ण एक दुपार मी त्यात चूक शोधली. एकही सापडली नाही. शेवटच्या पानावर त्यानं खोली मोजायची रीत लिहिली होती: पट्टी बुडवू नये, फळी टाकावी, टोक पाण्याला टेकवावं, तळाची खूण आधीच करून ठेवावी. साहेबांनी ते पान सगळ्या शाखांना पाठवायला सांगितलं. पाठवलं. खाली सही माझी होती.

पुढे कितीतरी वर्षं नव्या पोरांना ती रीत माझ्या नावानं शिकवली गेली. माझ्या निवृत्तीच्या सत्कारात तिचा उल्लेख झाला तेव्हा तो तिसऱ्या रांगेत बसलेला होता. मी माइकवर ते दुरुस्त केलं नाही. तो टाळ्या वाजवत होता, आणि तो खरंच मनापासून वाजवतोय की काय हेच मी भाषणभर बघत राहिलो.