नकाशातला एकच त्रिकोण

एक्याऐंशीच्या जनगणनेत माझ्या वाट्याला नाल्याकाठची झोपडपट्टी आली आणि आमच्या शाळेतल्या पाचवीच्या बाईंना आली बंगल्यांची कॉलनी. नगरपालिकेच्या शाळेतल्या आम्ही दोघी मास्तरणी, पगार सारखा, नोकरीची वर्षंही सारखीच. पण बाईंचं नशीबच वेगळं. त्यांच्या गटात फाटकं, नावाच्या पाट्या, "बसा ना, सरबत घेणार?" माझ्या गटात गोणपाटाची दारं आणि पाठीमागे लागलेली कुत्री. आता खोटं कशाला बोलू? जळफळाट व्हायचा माझा.

घरांची यादी आदल्या उन्हाळ्यातच झाली होती. प्रत्येक दारावर गेरूनं नंबर टाकायचा, गटाचा नकाशा काढायचा, पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण, आणि जिथे कुणी राहत नाही तिथे आत रेघोट्या. माझ्या नकाशात त्रिकोणांची नुसती खिचडी झाली. एका झोपडीला मागून दुसरी टेकलेली, दोघींना दार एक की दोन, चूल एक की दोन, हे विचारता विचारता माझा घसा बसला. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, असा नियम. सासू म्हणायची एक चूल, सून म्हणायची दोन, आणि मी मध्ये पेन्सिल चावत उभी. खोडून खोडून कागदाला भोक पडलं.

बाईंचा नकाशा मात्र सुबक. रांगेत चौकोन, मोत्यासारखं अक्षर. हेडमास्तरांनी तो नमुना म्हणून शिक्षकांच्या खोलीत टाचून ठेवला आणि मला म्हणाले, "बघा जरा, शिका काहीतरी." आमच्या पर्यवेक्षकांनीही, म्हणजे आमच्या सहा गटांवर नेमलेल्या दुसऱ्या शाळेच्या हेडमास्तरांनीही, मान डोलावली. चांगल्या कामाला सरकारकडून पदक मिळतं, ते यंदा कुणाला हे जणू ठरलंच होतं. रोज डबा खाताना तो नकाशा माझ्या डोळ्यांसमोर. भाकरी गोड लागेना.

आणि एके दिवशी त्यातच मला तो दिसला. कॉलनीच्या मागे, नाल्याला लागून, एकच त्रिकोण, आत रेघोट्या. खाली लिहिलेलं: बांधकामाची शेड, रिकामी.

मी घास हातात धरून बघतच राहिले. अहो, रिकामी कुठली! नाल्याच्या या काठावरून मला ती वस्ती रोज दिसत होती. पेठ तालुक्याच्या डोंगराकडून मजुरीला आलेली माणसं, पंचवीस-तीस झोपड्या, तीन वर्षं तिथेच. सकाळी सातला घमेली घेऊन बांधकामावर जायची ती दिवेलागणीला परतायची, पोरंबाळंही बरोबर. बाई गेल्या असणार भर दुपारी, बंगल्यातलं सरबत पिऊन. पहिल्या शेडला कडी दिसली, तिच्यावर नंबर टाकला आणि परत फिरल्या. बंद आणि रिकामं यात फरक असतो, हे आम्हाला प्रशिक्षणात चारदा घोकवलं होतं. बंद घराला पुन्हा जायचं असतं.

मला झालेला आनंद सांगायलाही लाज वाटते. पण झाला, अगदी उकळ्या फुटल्या. तेव्हाच सांगितलं असतं तर बाई संध्याकाळी गेल्या असत्या आणि माणसं लिहून आल्या असत्या. प्रत्यक्ष माणसं मोजायचं काम नऊ फेब्रुवारीला सुरू व्हायचं होतं, हाताशी भरपूर दिवस होते. पण मग काय? चूक गुपचूप दुरुस्त झाली असती आणि पदक पुन्हा त्यांचंच. मी ठरवलं, हे शेवटच्या दिवशी सांगायचं, सगळ्यांसमोर.

त्या वस्तीतली एक बाई हंडा घेऊन नाला उतरून आमच्या काठाच्या नळावर यायची. इथल्या बायका तिला सगळ्यात शेवटी भरू द्यायच्या, कधी पाणी गेलं की रिकामीच पाठवायच्या. नगरसेवकानं सांगितलं होतं की वस्ती कागदावर आली तरच नळ येईल. तिनं मला गाठलं. त्या लोकांत सगळ्यांनाच अरे-तुरे.

"बाई, आमाला कधी लिवशील?"

"तुमच्या बाई वेगळ्या आहेत," मी म्हटलं.

"ती येल का?"

"येतील. एक ते पाच मार्च शेवटची फेरी असते, तेव्हा घरी थांबा."

तोंडाला आलं ते बोलले झालं, तिला वाटेला लावायला.

पाच मार्चला संध्याकाळी आम्ही सगळे गणक आपापले आकडे घेऊन शाळेत जमलो. आकडे ताबडतोब वर पोचवायचे होते. पर्यवेक्षकांनी बाईंचा कागद घेतला, "वा" म्हणाले, आणि मी उभी राहिले. घसा खाकरून बोलले, अगदी वर्गात धडा शिकवावा तसं. शेड, नाला, झोपड्या, दिवेलागणी, सगळं.

बाईंचा चेहरा पडला. "अगं बाई! मी आत्ता जाते, रात्रभर लिहिते," म्हणत त्या चपला शोधायला लागल्या.

"आता कुठे जाता?" पर्यवेक्षक वैतागले. "मुदत संपली. आज आकडे गेलेच पाहिजेत. पंचवीस-तीस झोपड्यांनी शहराला काय फरक पडतो?" आणि त्यांनी बाईंचा आकडा आहे तसा बेरजेत धरला.

बाई रडायला लागल्या. झालं! सगळे त्यांच्याभोवती. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवर हात फिरवला. माझी चुगली फुकट गेली, आणि त्यांच्या रडण्याचाही मला हेवा वाटला. पदर डोळ्यांना लावूनच त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हो?"

मी म्हटलं, "परवा." माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पहिल्यांदा नाला ओलांडला. का गेले, मला अजून नीट सांगता येत नाही. ती हंडेवाली दारातच बसली होती. तिचा नवरा, दीर, चार पोरं, म्हातारी, सगळी ओळीनं. पोरांच्या डोक्याला तेल लावून भांग पाडलेले. शेजारच्या झोपड्यांतूनही माणसं बाहेर आली.

"तू म्हणलीस घरी ऱ्हा," ती म्हणाली. "पाच दिस कामावर कोणी गेलं नाय. ती बाई आलीच नाय. मुकादम लय बोलला. तूच लिव आता."

बाई चुकल्या होत्या. मी चुकले नव्हते, मला सगळं ठाऊक होतं. पदरी नुसती चूकच असणाऱ्या त्या बाईंचा मला तिथे उभ्या उभ्या जेवढा हेवा वाटला, तेवढा त्यांच्या नकाशाचाही कधी वाटला नव्हता.

पिशवीत मुलांच्या शुद्धलेखनाची एक वही होती. ती मागच्या पानावर उघडली आणि लिहायला बसले. नाव, वय, गाव, कुटुंबप्रमुखाशी नातं. झोपडी झाली की पुढची. अंधार पडेपर्यंत सगळी वस्ती लिहिली, एक तान्हं पोरही सोडलं नाही. तिनं हंड्याच्या तळाशी उरलेल्या पाण्याचा मला चहा करून दिला.

"आता येल ना नळ?" तिनं विचारलं.

मी वही मिटली आणि म्हटलं, "येईल."