मास्टरांच्या नावाने पाठवलेल्या विनंत्या

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी बावीस वर्षं टाइम ऑफिस सांभाळलं. टाइम ऑफिस म्हणजे हजेरी, रजा, पीएफचे कागद आणि ज्याला लिहायचा कंटाळा असेल त्याचं सगळं लिखाण. माझ्या टेबलाशी कुणी येऊन उभं राहिलं की मी फॉर्म ओढून घ्यायची आणि भरून टाकायची. समोरच्यानं फक्त सही करायची. रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात मी सगळ्यांना एकच लिहायची: घरगुती कारण. मग कुणाच्या बहिणीचं बाळंतपण असो, अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचं असो, नाहीतर नुसता आळस असो. साहेब सही करायचे, काम व्हायचं. हात झपाट्याचा असल्याचा मला भारी अभिमान होता. समोरच्याला काय म्हणायचंय हे ऐकून घ्यायचा धीर मात्र माझ्याकडे कधीच नव्हता.

कारखान्याचा रंगाईचा विभाग बंद झाला तेव्हा त्यासोबत माझी जागाही गेली आणि डाइंग मास्टरांचीही. मास्टर म्हणजे रंग जमवणारा माणूस. परदेशी गिऱ्हाइकानं पाठवलेल्या चिंधीसारखाच रंग हजारो टॉवेलांवर उतरवायचा, ही त्यांची जबाबदारी. ओला धागा तळहातावर घेऊन ते उजेडाकडे वळवत आणि 'अजून थोडा लाल मागतोय' म्हणत. वय चोपन्न. धाकट्या मुलीचं शिक्षण व्हायचं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी नोकरीसाठी कुणाला अर्ज केलेला नव्हता, कारण कारखान्यात ते विशीत लागले ते लागलेच.

मला घरी बसवेना. नोकरीधंद्यातल्या लोकांनी एकमेकांशी ओळख ठेवायची ती साइट मी माझ्यासाठी उघडलीच होती. मग मास्टरांना बोलावून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर बसून त्यांचं खातं काढलं. फोटो काढला, अनुभव लिहिला, पासवर्ड माझ्याच वहीत ठेवला. ते समोर बसून चहा पीत होते.

"ह्यात मला काय करायचंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. मी हाय की," मी त्यांच्याच बोलीत त्यांना चिडवलं.

जाताना ते दारात थांबले. "मॅडम, एकच सांगतो. माज्या हाताखाली शिकलेल्या पोरांना ह्यात घेऊ नका. मी त्यांच्याकडं काम मागणार न्हाई." मी हो म्हटलं. मी अशा वेळी नेहमीच हो म्हणायची.

सुरुवातीला मास्टरांच्या खात्यावरून मी रोज दहा-पंधरा माणसांना ओळखीची विनंती पाठवायची. सोबत चार ओळी लिहिता याव्यात म्हणून मी महिनाभर फुकट मिळणारी वरची योजना घेतली आणि एक मजकूर बनवला. 'आदरणीय सर' अशी सुरुवात, मग अनुभव, मग आपल्या संस्थेत संधी मिळावी. इंग्रजीत, चोख. तोच सगळ्यांना. पण एकेकाला चिकटवत बसायचा मला कंटाळा आला. कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं की ब्राउझरला एक जोडणी, म्हणजे एक्स्टेन्शन, लावली की ती आपणच एकामागून एक माणसं उघडते, मजकूर टाकते, विनंती पाठवते. मी ती लावली. 'डाइंग', 'प्रोसेसिंग', 'टेक्स्टाइल' असे शब्द दिले आणि भाजी निवडायला गेले. परत येऊन बघते तर स्क्रीन आपली आपण पळत होती. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मास्टरांचं खातं उघडेना. एक सूचना आली होती: तुमच्या खात्यावर आपोआप काम करणाऱ्या साधनाचा वापर झाल्यासारखं दिसतं, म्हणून खातं तात्पुरतं मर्यादित केलं आहे. सोमवारी पुन्हा उघडेल. पुढं असंच झालं तर कायमचं बंद होऊ शकतं.

सोमवार तर सोमवार, असं मी म्हटलं असतं. पण त्याच सकाळी मास्टरांच्या ईमेलवर साइटचंच दुसरं पत्र आलं होतं. कुणा एचआर बाईंनी त्यांना निरोप पाठवला होता आणि पत्रात त्याच्या पहिल्या दोन ओळी दिसत होत्या. डाइंग मास्टर हवे आहेत, इच्छा असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा. पुढचं वाचायला खात्यात जावं लागत होतं. नोकरी गेल्यापासून तीन महिन्यांत आलेलं पहिलं बोलावणं, आणि ते मी कुलपात घातलं होतं.

मास्टरांना सांगायला मला अर्धा तास लागला. ते ताबडतोब आले, घामेजलेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "म्हंजे मी मशीन हाय असं त्यांना वाटलं?"

"तुम्ही नाही. मी लावलेलं मशीन."

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं, मदतीची पानं वाचली. जोडणी काढून टाकली, पासवर्ड बदलला आणि यावेळी तो मास्टरांना त्यांच्या हातानं लिहून घ्यायला लावला. मदतीच्या फॉर्मवर खरं काय झालं ते कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, सभ्य आणि थंड: मर्यादा मुदतीआधी उठवता येत नाही, असं साधन पुन्हा वापरू नका. आमच्याबरोबर नोकरी गेलेल्या एका फिटरनं फोनवर सल्ला दिला, दुसरं खातं काढा की, पाच मिनिटांचं काम. माझी बोटं शिवशिवली. पण नियम स्पष्ट होता, एका माणसाचं एकच खातं. दुसरं सापडलं असतं तर दोन्ही गेली असती. आयुष्यात पहिल्यांदा मी पाच मिनिटांचं काम केलं नाही.

बुधवारी दुपारी मला सुचलं की माझं स्वतःचं खातं तर चालू आहे. त्यावरून, पत्रातल्या नावानं, त्या एचआर बाईंना शोधलं. गुजरातेतली एक मोठी मिल. त्यांना निरोप लिहायला घेतला आणि थांबले, कारण पुन्हा मीच मास्टरांच्या वतीनं लिहीत होते. शिवाय सहज मास्टरांचं नाव टाकून पाहिलं तर त्यांचं पान दिसेचना. त्या बाईंनी आज बघितलं असतं तर त्यांनाही हेच दिसलं असतं: असा माणूसच नाही. मला खरोखर रडू आलं.

मग त्या मिलमध्ये काम करणाऱ्यांची यादी उघडली. प्रोसेसिंग, म्हणजे रंगाईच्या विभागाचा प्रमुख म्हणून ओळखीचा चेहरा. होटगीचा मुलगा, आमच्याकडं शिकाऊ म्हणून लागलेला. मास्टरांनी त्याला सात वर्षं हाताखाली घेतलं होतं, रंग चुकला की सगळ्यांसमोर झापलं होतं आणि त्याच्या लग्नात स्वतः पंगतीत वाढलं होतं.

गुरुवारी सकाळी मी मास्टरांना हे सांगितलं. मिलचा नंबर कागदावर लिहून त्यांच्यापुढं ठेवला.

"न्हाई," ते म्हणाले. "मी काय सांगितलं होतं तुमाला?"

"उद्या शुक्रवार आहे, मास्टर."

"त्याच्या पुढं हात पसरू? तो माज्यासमोर उभा राहायला भ्यायचा. आज मी त्याला साहेब म्हणू?"

मी कागद तिथंच राहू दिला. त्यांनी चहा थंड होऊ दिला. मग एकदम चष्मा लावला, फोन उचलला आणि एकेक आकडा मोठ्यानं म्हणत दाबला. मिलच्या ऑपरेटरला विभाग सांगितला. फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं म्हणून.

पलीकडून त्या मुलाचा आवाज आला. मास्टरांनी नाव सांगितलं. तसं त्याच्या तोंडून एकदम सोलापूरच फुटलं.

"मास्टर! अवो तुमी! कुटं हाय तुमी? आन लई बरं झालं फोन केलासा. तुमच्या नावानं कुनीतरी खोटं खातं काढलंय, ठावं हाय का? मला विनंती आली. 'आदरणीय सर, आपल्या संस्थेत संधी मिळावी.' मी हसलो. म्हटलं, माझं मास्टर मला आदरणीय सर म्हन्तील व्हय? ते फोन करून शिव्या घालतील. मी लगेच खोटं म्हणून कळवून टाकलं की तितं. आमच्या एचआरनंबी परवा तुमचं नाव काढलं, तर मी म्हटलं, ते खातं खरं न्हाई, सोडा."

मास्टरांनी माझ्याकडं बघितलं. मशीनला मी 'प्रोसेसिंग' हा शब्द दिला होता आणि मशीननं तो शब्द जिथं दिसला तिथं विनंती टाकली होती. त्यांनी दारात उभं राहून जे एकच मागितलं होतं, तेच मी मोडलं होतं. तीस वर्षांचा त्यांचा दरारा मी चोख इंग्रजीतल्या चार ओळींत त्या मुलाच्या पायाशी नेऊन ठेवला होता, आणि त्या मुलानं तो उचलून घेतला होता, ही विनंती मास्टरांची नाहीच असं म्हणून. इतकी लाज मला नोकरी गेल्यावरही वाटली नव्हती.

"मास्टर? हाय का लाइनवर?"

मास्टर मला दोषी ठरवू शकले असते. खातं खोटं होतं, माझा काही संबंध नाही, असं म्हणून मानानं सुटूही शकले असते. तो मुलगा ते आनंदानं मान्य करणारच होता. त्यांनी फोन जवळ ओढला.

"खातं माझंच हाय," ते म्हणाले. "आदरणीय सर मी लिवलं न्हाई. पन काम मागितलंय ते खरं हाय. हितला विभाग बंद झाला. मला काम पायजे. हाय का तुज्याकडं?"

मग तो मुलगा एकदम हळू, शिकाऊ असताना बोलायचा तसा बोलला. "मी आत्ता खाली जातो, एचआरकडं. तुमी फोन ठेवू नका, मास्टर."

आम्ही दोघं फोनकडं बघत बसलो. सवयीनं माझ्या तोंडाशी आलं की त्यांना काय काय सांगायचं ते मी लिहून देते. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.