चार भाषांत मावणारं वाक्य

स्टुडिओत तिला सगळे सेकंदताई म्हणायचे आणि तिला ते आवडायचंही. बावीस वर्षं तिने एकच काम केलं होतं: परक्या भाषेतल्या मालिकांचे संवाद आपल्या भाषेत आणायचे आणि पडद्यावरच्या ओठांत बसवायचे. नट तोंड उघडेल तेव्हा शब्द सुरू व्हायला हवा, तो मिटेल तेव्हा संपायला हवा. मधल्या वेळात अर्थ मावला तर ठीक, नाहीतर तो मावेपर्यंत ती खुर्चीवरून उठायची नाही.

कधी वाक्य अंगाला तंग व्हायचं, कधी ढगळ. एका नायिकेचं मूळ वाक्य चांगलं ऐसपैस होतं, पण आपल्याकडे त्याचा अर्थ एवढाच निघत होता, की ‘नको’. नायिकेचे ओठ मात्र चार सेकंद हलत होते. सेकंदताईने तिच्या तोंडी घातलं, ‘नको गं बाई, खरंच नको, आत्ता तर अजिबातच नको.’ त्या मालिकेतली ही एकच ओळ पुढे कितीतरी दिवस लोकांच्या तोंडी होती. ती कुणी लिहिली हे कुणाला ठाऊक नव्हतं. ते तसंच असतं, असं ती म्हणायची.

तंग वाक्यांवर मात्र ती चिडायची. मूळ लेखक कुठल्या तरी दूरच्या गावी निवांत बसलेला असायचा आणि ही इथे काचेमागे त्याला बोल लावायची, की या माणसाला नाक आहे की नाही, श्वास घ्यायचा कुठे?

एक्कावन्नाव्या वर्षी तिला स्वतःची मालिका लिहायला मिळाली. सहा भागांची, छोटीशी. चष्म्याचं दुकान चालवणारा एक भाऊ आणि बऱ्याच वर्षांनी त्याच्याकडे आलेली बहीण. ही मालिका आपल्या भाषेत आणि आणखी चार भाषांत एकाच दिवशी दाखवायची होती. म्हणून निर्मातीबाईंना असा लेखक हवा होता, ज्याची वाक्यं दुसऱ्या भाषेत गेली तरी पडद्याबाहेर सांडणार नाहीत. बाई सेकंदताईला स्पष्टच म्हणाल्या होत्या, की पहिल्या भागातला मुख्य प्रसंग आधी तालमीच्या कॅमेऱ्यावर घेऊ, चारही भाषांत बोलून बघू. बसला तर पुढचे पाच भाग तुमचे. नाही बसला तर मालिका दुसऱ्याकडे जाईल, कथा तेवढी तुमच्या नावावर राहील.

त्या दिवशी ती घरी पायऱ्या चढत आली ती जवळजवळ धावतच.

लिहिण्याची तिची रीत ठरलेली होती. एका वाक्यात एकच गोष्ट. दोन माणसं एकाच वेळी बोलणार नाहीत. लांब बोलणं असेल तर बोलणारा पाठमोरा, किंवा कॅमेरा ऐकणाऱ्यावर. आणि प्रत्येक वाक्याला जेवढी जागा, तिचा चौथा हिस्सा मोकळा सोडायचा, कारण दुसऱ्या भाषेत गेलेलं वाक्य बहुतेक वेळा अंग धरतं. चार भाषांतली एक तर इतकी लांब पावलं टाकायची, की स्टुडिओत तिला प्रेमाने ‘उंट’ म्हणत. उंट मावला की बाकीचे तिघे आरामात मावतात, असा हिशेब होता.

घरात उंट कुठून आणायचा? तर सासरे होते. ते पेपर वाचायचे तेव्हा प्रत्येक शब्दाला वाकून नमस्कार केल्यासारखे वाचायचे. बातमी संपेपर्यंत ती शिळी होते, असं नणंद म्हणायची. नणंद स्वतः एका दमात अख्खी बातमी सांगून वर तिच्यावर मतही देणारी. सेकंदताई आधी तिला वाचायला लावायची, मग सासऱ्यांना, आणि नवऱ्याच्या शाळेतलं धावण्याच्या शर्यतीचं घड्याळ हातात धरून दोघांच्या मधलं अंतर मोजायची. सासऱ्यांच्या वाचण्यात बसलेलं वाक्य चारही भाषांत बसणार, हा तिचा अंदाज होता. बावीस वर्षांत सेकंदांचा तिचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

तो चुकला नेमका याच वेळी, आणि कारण ठरली नवी कवळी.

मुख्य प्रसंग लिहून झाला त्याच आठवड्यात सासऱ्यांना कवळी बसली होती. ती तोंडात रुळायची होती. प्रत्येक शब्द ते जिभेने आधी चाचपून बघायचे आणि मग बाहेर सोडायचे. बहिणीचं मुख्य वाक्य त्यांनी वाचलं तर घड्याळ नऊ सेकंदांवर गेलं. जागा होती सहा. सेकंदताईने वाक्य छाटलं. साडेसात. पुन्हा छाटलं. कवळीचा विचार तिच्या मनात आला नाही, कारण तिला काट्याखेरीज काही दिसतच नव्हतं. सासरे बिचारे मनापासून वाचत होते. शेवटी ते म्हणाले, “सूनबाई, आता यात वाचायला उरलंय काय?”

उरलं होतं एवढंच: ‘पाण्यात पाहिलंस मला. तरी आले.’

पाच शब्द. तिला ते फार आवडले. धारदार झाले असं वाटलं. तिने जागाही सहावरून चार सेकंदांवर आणली.

चाचणीच्या सकाळी स्टुडिओत नुसती लगबग होती. तालमीच्या खोलीत आदल्या दिवशी घेतलेला प्रसंग पडद्यावर होता. बहीण दारात उभी, चेहरा जवळून, ती बोलते, बस. चारही भाषांचे अनुवादक आपापली पानं घेऊन आले होते. आवाज देणाऱ्या चार बाया बाकावर बसून गरम पाणी पीत होत्या. निर्मातीबाई मागच्या खुर्चीवर, शेजारी दिग्दर्शक, ध्वनिमुद्रक काचेमागे, आणि सेकंदताई उभी. ती त्या दिवशी बसलीच नाही.

पहिल्या भाषेत वाक्य ओठांबाहेर सांडलं. दुसऱ्या भाषेत बसलं, पण आवाज देणारीला इतकं घाईत बोलावं लागलं, की बहीण रेल्वेची वेळ सांगतेय असं वाटलं. तिसऱ्या भाषेत सांडलं. उंटाचं तर विचारूच नका. पडद्यावरच्या बहिणीचं तोंड मिटून, मान खाली जाऊन, पुढचं दृश्य सुरू झालं तरी वाक्य चालूच होतं. ध्वनिमुद्रकाने काचेआडून दोन्ही हात वर केले.

निर्मातीबाई रागावल्या नाहीत, त्याचंच सेकंदताईला जास्त लागलं. दुपारी चारला दुसऱ्या मालिकेचं काम आहे, तोवर खोली तुमचीच, एवढंच म्हणून त्या बाहेर गेल्या. दिग्दर्शक हळूच म्हणाला, की पाच शब्दांपेक्षा कमी म्हणजे आता मूकपटच काढावा लागेल.

सेकंदताई उंटाच्या अनुवादिकेजवळ गेली. गोल चष्म्याची, शांत बाई. तिला म्हणाली, तुम्ही तुमच्या भाषेत जे लिहिलंत ते मला साध्या शब्दांत परत सांगा, जसंच्या तसं. अनुवादिकेने सांगितलं, “इतकी वर्षं तू माझ्यावर डूख धरलास, माझं वाईट चिंतलंस, आणि एवढं असूनही आज मी आपण होऊन तुझ्याकडे आले.”

“एवढं सगळं?”

“ताई, एवढं सगळं तुम्हीच लिहिलंय. मी फक्त सोडून दाखवलं.”

सेकंदताईने हातातलं आपलं पान पुन्हा वाचलं. मग खळखळून हसायला लागली. बावीस वर्षं दुसऱ्यांची गच्च बांधलेली गाठोडी सोडताना तिने ज्या लेखकांना शिव्या घातल्या, त्यांचंच काम तिने आज केलं होतं. वाक्य लहान झालंच नव्हतं, नुसतं दाबून बांधलं होतं. आपल्या माणसाला बांधलेलंही कळतं. परक्या घरी गेल्यावर ते उघडावं लागतं आणि खोलीभर पसरतं. आणि बांधायला लावलं कुणी? एका न रुळलेल्या कवळीने. हे तिने मोठ्याने सांगितलं तेव्हा चारही अनुवादक हसले. ध्वनिमुद्रकाने काचेआडून विचारलं, की आम्हाला पण सांगा ना.

मग जे सुरू झालं ते आजही तिथली माणसं रंगवून सांगतात. सेकंदताईने टेबल मधोमध ओढलं. चौघांना चार बाजूंना बसवलं. ती आपल्या भाषेत एक वाक्य म्हणायची, की चौघांनी लगेच आपापल्या भाषेत ते मोठ्याने म्हणायचं आणि ती टेबलावर बोटांनी ठोके मोजायची. कागद नाही, पेन नाही. ती आता वाक्य लांबवत होती, सैल करत होती, आणि ठोके कमी होत होते. तिसऱ्या भाषेचा अनुवादक जरा कुरकुऱ्या होता. तोही बाह्या सरसावून पुढे सरकला. कुणाचं एखादं वाक्य लांबलं, की बाकीचे तिघे हूं करून हसायचे. आवाज देणाऱ्या बाया बाकावरून उठून टेबलाभोवती उभ्या राहिल्या.

अकराव्या की बाराव्या वेळी ते आलं. ‘इतकी वर्षं तू मला एकदाही बोलावलं नाहीस. शेवटी मीच आले.’

चार आवाज जवळजवळ एकदमच थांबले. उंट दोन ठोके मागे होता, फक्त दोन.

“दोन ठोके मी जिरवते,” सेकंदताई दिग्दर्शकाला म्हणाली, “पण जागा तुम्ही द्या.”

तिला चारऐवजी सहा सेकंद परत हवे होते आणि दोन वाक्यांच्या मधे कॅमेरा बहिणीवरून काढायचा होता. पहिलं वाक्य तिच्या चेहऱ्यावर. दुसरं वाक्य भावाच्या हातांवर, जे चष्म्याची काच पुसता पुसता थांबतात. म्हणजे दुसऱ्या वाक्याला ओठच नाहीत. ते अर्धा सेकंद आधी संपो की उशिरा, कुणाला कळणार नाही. दिग्दर्शकाला तो चेहरा फार प्रिय होता. पाहणाऱ्याला तिचे डोळे बघायचेत, त्याचे हात नव्हेत, असं तो म्हणाला. सेकंदताईने त्याला विचारलं, घाव बसतो तो कुणाला? उत्तरादाखल शेजारच्या तालमीच्या खोलीत जाऊन त्याने स्वतःच दिवे लावले.

नट-नटीला जेवणावरून उठवलं गेलं. तीन वाजायच्या आत प्रसंग पुन्हा घेतला आणि जोडलाही. निर्मातीबाई परत आल्या तेव्हा ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागलेला होता, म्हणून दारातच थांबल्या.

पहिली भाषा बसली. दुसरीत आता घाई नव्हती. तिसरीत शेवटी इतकी जागा उरली, की कुरकुऱ्या अनुवादकाने अभिमानाने इकडेतिकडे बघितलं. मग उंट. आवाज देणारी उंच, सावळी बाई माइकसमोर उभी राहिली. पहिलं वाक्य बहिणीच्या ओठांवरून सरळ चालत गेलं आणि ओठ मिटले तिथे थांबलं. चित्र भावाच्या हातांवर आलं. तिथे त्या बाईने श्वास घेतला. तो कागदावर नव्हता. जागा होती म्हणून घेतला, आणि त्या श्वासात बहीण दार ठोठावायच्या आधी कितीदा परत फिरली असेल ते सगळं ऐकू आलं. मग दुसरं वाक्य. ते संपलं तरी हात पडद्यावर होते.

सेकंदताईला ती भाषा येत नव्हती. तिचे डोळे तरीही भरले.

निर्मातीबाईंनी आत येत विचारलं, पुढचे पाच भाग कधीपर्यंत देता? सेकंदताई उत्तर देणार तेवढ्यात माइकसमोरून उंच बाईचा आवाज आला. ध्वनिमुद्रकाने तिला सांगितलं होतं, की घेतलंय, उत्तम आलंय, आता तुम्ही बसा. तिने कानांवरचे हेडफोन काढले नव्हते.

“आलंय ते माहितीये,” ती म्हणाली. “मला ते परत एकदा म्हणायचंय.”

निर्मातीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा मिनिटं कमी होती. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. लाल दिवा पुन्हा लागला.