एका शब्दाला एकच शब्द

आमच्या भाषांतर कचेरीतल्या मावशी महाहट्टी. जमिनीचा जाडजूड जुना करार एका वकीलसाहेबांच्या पक्षकाराने मोबाइलवर पानापानाचे फोटो काढून पाठवला, तोही उलटसुलट. आम्ही तिघांनी पानं वाटून घेतली, पण शब्दसूची एकच, मावशींच्या ताब्यात. मूळ शब्द, त्याला आपला शब्द, फोटोचा क्रमांक.

"या शब्दाला 'मालक' ठरलं ना? मग शेवटपर्यंत मालकच. आणि दुसऱ्या कशालाही 'मालक' नाही!"

कंटाळून मी एकदा 'धनी' लिहिलं, तर कडाडल्या, "कविता करतोयस का रे?"

काम संपतंय तोच पक्षकाराने राहिलेलं पान पाठवलं. त्यात आम्ही 'मालक' केलेल्या मूळ शब्दाची व्याख्याच होती: जमीन ज्याच्या ताब्यात तो, मग ती त्याची असो वा नसो. भाषांतर न्यायला आलेल्या वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे सगळंच मुसळ केरात!"

मावशींनी सूचीत 'मालक' खोडून 'कब्जेदार' लिहिलं. मग संगणकाला 'मालक' शोधायला लावून एकेक जागा फोटोशी ताडत बदलली. जेवणाच्या सुट्टीआधी काम फत्ते!

वकिलांनी चाळून पाहिलं. "कमाल आहे, एकही सुटला नाही!"

"सुटेल कसा?" मावशींनी डबा उघडला. "लपायला दुसरं नावच दिलं नव्हतं मी त्याला."