मावशीला तीनपैकी किती

माझ्या मावशीचा आवाज ऐकला की माणसाचे डोळे जड होतात. लहानपणी मी तिच्या मांडीवर झोपायचे ते ठीक, पण आरोग्य शिबिरातले रक्तदाबाचे पेशंटही तिच्यापुढे पेंगतात, आता काय म्हणावं? नर्सची नोकरी संपल्यावर ती दर शिबिराला शाळेच्या हॉलमध्ये निळ्या पडद्याआड बसते आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावते. ऊन पडद्यातून निळं होऊन आत येतं, वर पंखा कुरकुरतो, आणि तिचं बोलणं संथपणे चाललेलं असतं. त्या खुर्चीत ती जितकी खूश असते तितकी घरीसुद्धा नसते.

यंदा शिबिराच्या डॉक्टरीणबाईंनी मला कामाला जुंपलं. "एका पानात बसेल असा गुणतक्ता कर. शिबिर कुठे लंगडं पडतंय ते कळू दे. जिथे कमी पडेल तिथे माणूस बदलू."

शेवटचं वाक्य त्या सहज बोलून गेल्या. मला निळ्या पडद्याआडची खुर्ची आठवली.

प्रत्येक ओळीला शून्य ते तीन गुण ठेवले. थांबण्याचा वेळ नोंदणीपासून नव्हे, फाटकापासून मोजायचा, कारण खरी रांग नोंदणीच्या आधीच लागते. आल्याची वेळ चिठ्ठीवर टाकायची, डॉक्टरांसमोर बसल्याची वेळ तिच्याच खाली. मग आडोसा, बोलण्यातला आदर, औषध मिळालं की नाही. समुपदेशनाच्या ओळीत मी लिहिलं, "सांगितलेलं समजलं का?"

पहिल्या शिबिरात मावशीला सगळ्यांनी तीनपैकी तीन दिले. देणारच की! पाहुण्याला जेवण कसं झालं विचारलं, तर तो काय मीठ कमी होतं म्हणणार आहे?

म्हणून मी ती ओळ खोडली आणि बाहेर पडताना विचारायचे तीन प्रश्न घातले. गोळी कशी घेणार? काय झालं तर लगेच दाखवायला येणार? पुन्हा तपासायला कधी येणार? बरोबर उत्तराला एकेक गुण.

मावशीने चष्मा पुसून पान वाचलं. "म्हणजे परीक्षा त्यांची, आणि नापास मी?"

"हो," मी म्हटलं. कसली मेली भाची मी!

"बरं, विचार," ती म्हणाली. त्या दिवशी मात्र तिने मला चहाला थांब म्हटलं नाही.

पुढच्या शिबिरात माझं टेबल पडद्याच्या अलीकडे होतं. मावशी समोर दिसली की लोक भिडेखातर गोड बोलतात, म्हणून तिने आतच राहायचं. सकाळभर एक, शून्य, एक असे गुण पडत गेले. जेवणाच्या सुट्टीआधी शेवटचे आले शिंपीकाका, चेहऱ्यावर नुकतं झोपून उठल्यासारखं समाधान.

"बाई फार छान बोलतात हो. मन शांत झालं."

"गोळी कशी घेणार, काका?"

"चक्कर आली की एक."

"आणि नाही आली तर?"

"मग कशाला उगाच?"

पडदा हलला. मावशी बाहेर आली. चेहरा पांढराफटक. तिने काकांना पुन्हा आत नेलं. गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी मनाने सोडायची नाही, एवढंच सांगितलं. मग म्हणाली, "आता तुम्ही मला सांगा." आणि गप्प बसली. काका अडखळले, चुकले, पुन्हा म्हणाले. ती तशीच बसून राहिली.

दुपारभर तेच चाललं. ती थोडंसं बोलायची, मग आतून नुसता पंखा ऐकू यायचा आणि त्यात कुणीतरी हळूहळू आपलीच गोळी समजून घेत असायचं. कुणी पेंगलं नाही. रांग मात्र वाढली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पान पाहिलं. दुपारचे समुपदेशनाचे गुण वर, थांबण्याचे खाली. "रांगेचं काय करायचं?"

"मावशीला काढा म्हणजे आटपेल लवकर," मी फणकाऱ्याने बोलले.

त्या हसल्या. "त्यापेक्षा शेजारी दुसरी खुर्ची टाकू. एखाद्या नवीन मुलीला त्या शिकवतील."

मी ही बातमी घेऊन पडद्याआड गेले. ऊन उतरलं होतं. मावशी हात मांडीवर ठेवून बसली होती. ऐकून तिने नुसती मान हलवली.

"इतकी वर्षं लोक माझ्यापुढे मान डोलवायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, कळतंय त्यांना."

"मावशी, सोड ना आता."

"घरी तुझे काकाही डोलवायचे. बरं वाटतंय म्हणून त्यांनी गोळ्या कधीच बंद केल्या होत्या. मला ते त्यांना शेवटचं दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं. मी रोज सांगायचे गं त्यांना. कधी विचारलंच नाही."

तिने माझ्या हातातलं पान घेतलं, सकाळच्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सकाळचे खोडू नकोस. राहू देत तसेच."