चेहऱ्यावरची पट्टी

परभणीच्या स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून मुजीबोद्दीन मास्तरांची खोली आहे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हां. सौदीतल्या जेद्दाहच्या एका कचेरीत अर्धी जवानी टायपिंग केलेला हा माणूस. परत आल्यावर लोकांची कागदं अरबीत करून द्यायला लागला आणि गल्लीनं त्याला मास्तर करून टाकलं. माणूस लय किरकिऱ्या. घाई केली की म्हणायचा, "जाव जी, मोबाईलसे करा लेव."

पण मोबाईलला सरळ छापलेलं वाचता येतं. आजकाल सरळ छापतंय कोण? लग्न असो, वाढदिवस असो, मयत असो, फोटोवर फोटो चढवायचे, मागं उगवता सूर्य, पुढं फुलं, आणि त्यावर अक्षरं अशी की शिरोरेघ तुटलेली, वेलांटीची शेपटी पार दुसऱ्या ओळीत घुसलेली. मोबाईल हाराच्या पाकळ्यांनाही अक्षरं समजतो आणि भलतंच काहीतरी अरबीत ओकून देतो.

मास्तरांची रीत वेगळी. आधी फोटो संगणकावर मोठा करायचा, रंग काढून काळापांढरा करायचा, एकेक ओळ कापून वेगळी घ्यायची. एखादं अक्षर लागलं नाही तर त्याच कार्डावर तेच अक्षर दुसरीकडं कुठं आलंय ते शोधायचं, कारण एका वळणाचा 'ध' सगळीकडं त्याच वळणाचा असतो. मग सगळं साध्या मराठीत उतरवायचं, कागद घेऊन आलेल्या माणसाला वाचून दाखवायचं, आणि त्यानंतरच अरबीला हात घालायचा. आणि एक नेम कधी मोडायचा नाही. कार्डावरच्या चेहऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवायची. ते म्हणायचे, चेहरा दिसला की मन अंदाज बांधतं, अन् डोळा मनाचं ऐकतो.

त्या दुपारी एक म्हातारा आला. डोक्याला रुमाल, खांद्यावर घोंगडी, अंगाला मेंढरांचा वास. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, तरी त्याला घामाचा टिपूस नव्हता.

"झरीहून आलो," तो म्हणाला. "ह्ये अरबीत करून पायजे. पोरगं सौदीत मेंढरं राखायलाय. कफील, म्हंजी तिथला मालक, सोडंना. पासपोर्ट त्याच्यापाशीच. म्हणतो, घरात कुणी मेलं असंल तर माझ्या भाषेत दाखव."

मास्तरांनी मान हलवली. जेद्दाहत त्यांनी रजेचे अर्ज ढिगानं टाईप केले होते. बहिणीचं लग्न, आईचं ऑपरेशन, लेकराचं बारसं, सगळे परत येत. मंजूर व्हायचा तो फक्त मयतीचा.

कार्ड मोबाईलवरून घेतलं आणि पडद्यावर उघडल्या उघडल्या सवयीनं पट्टी लावली. चेहरा झाकला गेला. उरलं ते रान झालेलं चित्र. समई, ढग, झेंडू, कोपऱ्यात मेंढरांचा कळप, आणि सगळ्यावर पांढरी, सावलीची अक्षरं.

"चहा घ्या बाबा."

"नगं." म्हातारा बाकड्यावर न हलता बसला होता. पंखा बंद पडला तरी त्यानं वर बघितलं नाही.

'भावपूर्ण श्रद्धांजली' लगेच लागलं. त्याखालचं नाव मेंढरांच्या पाठीवर पसरलेलं, लोकरीत विरघळलेलं. मास्तरांनी एकेक अक्षर सोडवून मोठ्यानं वाचलं, "कैलासवासी... रामप्रसाद... दत्तराव..."

"व्हय," म्हातारा म्हणाला.

आपल्या नावानं हाक मारल्यावर माणूस ओ देतो ना, तसा हा व्हय आला. मास्तरांच्या मानेवर काटा आला, का ते त्यांनाही कळलं नाही.

"तुमचे कोण हे?"

"जवळचा हाय."

तारीख कालची होती. पोराचं नाव दत्ता. पासपोर्टवर इंग्रजीत कसं लिहिलंय ते मास्तरांनी विचारून घेतलं, कारण अरबीत 'प' नाही, रामप्रसादचा 'रामब्रसाद' होतो, आणि नावं पासपोर्टशी जुळली नाहीत तर कफील कागद फेकून देईल. सगळं उतरलं. राहिली शेवटची ओळ, दशक्रियेची. ती बरोबर फोटोतल्या गळ्यातल्या हारावर छापली होती. वरची अर्धी अक्षरं पट्टीखाली.

नाइलाज होता. मास्तरांनी पट्टी काढली.

हारातून 'गंगाखेड, गोदाकाठ' सापडलं, ते त्यांनी लिहूनही घेतलं. मग नजर वर गेली. रुमाल तोच, कपाळावरचा व्रण तोच. त्यांनी पडद्याकडं बघितलं, बाकड्याकडं बघितलं, पुन्हा पडद्याकडं. मेलेला माणूस समोर हात जोडून बसला होता.

"या अल्लाह," मास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

"भिऊ नगा," रामप्रसाद म्हणाला. "अजून हाय मी. गावातल्या पोराकून करून घेतलं. म्हनलं, आदीच करून ठिव बाबा, म्हातारपणाचं काय सांगावं."

"आणि घरी?"

"बायकू धुरपताबाई, तिला कायबी ठाव न्हाई. कुंकू लावूनच भाकरी थापायलीय तिकडं."

"बाबा, मी खोटं लिहीत नाही."

"तुमी कुटं खोटं लिवायलात? जे कार्डावर हाय तेच लिवा." त्याचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "तीन वरसं झाली. पोरगं फोनवर मेंढरासारखं वरडतंय. मी मेल्याबिगर ते येत न्हाई, मास्तर."

मास्तरांना दरदरून घाम सुटला. जेद्दाहच्या त्या परत आलेल्या अर्जांचे ढीग डोळ्यांपुढं आले.  मग उजवीकडून डावीकडं एकेक ओळ उतरवत गेले, कार्डावर होतं तेच. कैलासवासीच्या जागी 'अल्मरहूम' टाईप करताना समोरच्या माणसाचा श्वास त्यांना ऐकू येत होता. कार्ड आणि अरबी तर्जुमा दोन्ही म्हाताऱ्याच्या मोबाईलवरून कफीलच्या नंबरावर गेलं. खुणा निळ्या झाल्या, म्हणजे कफीलनं बघितलं.

"पोराला खरं सांगितलंय ना?"

"न्हाई. त्याला खोटं रडता येत न्हाई."

तेवढ्यात म्हाताऱ्याच्या खिशातला मोबाईल वाजला. घरात एकच मोबाईल, तो इथं. पडद्यावर दत्ता. रामप्रसादनं तो हातात धरला, निखारा धरावा तसा, आणि मास्तरांपुढं केला. उचलणार कसा? तो तर मेला होता.

मास्तरांनी उचलला. पोरगं ओरडत होतं. "आई! आई, ह्ये काय दाखवायलाय कफील? कोण बोलतंय? बाबा गेले का?"

"कागदावर तसंच लिहिलंय बेटा."

"कागद चुलीत घाला! तुमी डोळ्यांनी बघितलं का त्यांला?"

मास्तरांनी बाकड्याकडं बघितलं. "बघितलं," ते म्हणाले. "चेहरा बघितला मी."

पलीकडं पोरानं हंबरडा फोडला. खोली त्यानं भरून गेली. म्हाताऱ्यानं रुमालाचा बोळा तोंडात कोंबला होता. ज्याच्यासाठी ते रडणं होतं तोच ते ऐकत होता, आणि 'अरे मी हाय' म्हणायची त्याला सोय नव्हती.

"जाताना... माझं नाव काढलं का?"

रामप्रसादनं तोंडातला बोळा काढला. ओठ हलले, आवाज काढला नाही. मास्तरांनी आयुष्यभर अवघड अक्षरं वाचली होती, हे तर सोपं होतं. तरी त्यांनी सवयीनं दोनदा वाचलं, आणि मग फोनमध्ये सांगितलं.

"घरी ये, म्हणाले."