तिखटबाईंचा शेरा

रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंना सगळे पाठीमागे तिखटबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाईंचं ज्ञान पक्कं आणि जीभ त्याहून पक्की. वॉर्डात शिरल्या की नर्सेस उगाच चादरी नीट करायला लागत, आणि रेसिडेंट डॉक्टरांना एकदम फोन येत.

बाईंचा राग एकाच गोष्टीवर. "नळीतून फीड चालू करा" एवढं लिहून लोक मोकळे होतात! कुठलं फीड, का, काही नाही. जुलाब लागले की फायबरवालं द्या, वजन घटलं की साधंच वाढवा. "डोकं घरी ठेवून येतात मेले," बाई म्हणायच्या, आणि दहातल्या नऊ वेळा ते खरंच असायचं.

सात नंबरच्या खाटेवर घड्याळं दुरुस्त करणारे एक काका होते. लहान आतड्याचा बराचसा भाग काढलेला, आणि जिथे टाके घातले तिथे वाट अरुंद झालेली. नाकातल्या नळीतून साधं फीड चालू होतं आणि काका वाळत चालले होते. तेलकट जुलाब होत होते. सर्जननी बजावून ठेवलं होतं, वजन असंच उतरत राहिलं तर मानेच्या शिरेतून पोषण द्यावं लागेल. मागच्या वेळी मानेत घातलेल्या नळीतून जंतू रक्तात जाऊन काका मरता मरता वाचले होते. ते ऐकून काकू खाटेची कड धरून बसल्या.

बाईंनी मलाची तपासणी पाहिली. चरबी भरपूर, जंतू नाहीत. जुलाब लागतील असं एखादं गोड पातळ औषध चालू आहे का, तेही पाहिलं. नव्हतं. मग निर्णय सरळ होता. साध्या फीडमधली अख्खी प्रथिनं आणि चरबी फोडून पचवायला एवढंसं आतडं पुरेना. पेप्टाइडवाल्या फीडमध्ये प्रथिनं आधीच तुकडे केलेली असतात, आणि चरबीचा मोठा भाग सहज शोषला जाणारा. फायबरनं न पचलेली चरबी थांबत नाही, आणि अरुंद जागी त्याचा चोथा अडकला तर पोट फुगायचं. पेप्टाइडवालं चालू झालं, पंपावर, अगदी हळू.

पण कारण लिहिताना बाईंना चेव आला. शेरा असा सुरू झाला: "पोट आणि पोतं यातला फरक ज्यांना कळतो त्यांनीच पुढे वाचावं." मग जुलाब दिसताच फायबरकडे धावणाऱ्यांवर एक परिच्छेद. मग मागच्या रेसिडेंटच्या अकलेवर दोन ओळी. अरुंद जागेची गोष्ट तळाशी, घाईघाईत. लिहून झाल्यावर बाई स्वतःवर भलत्याच खूश! सुट्टीवर निघून गेल्या.

परत आल्या तर काकांचं पोट ढोलासारखं ताणलेलं, उलट्या होऊन गेलेल्या, फीड बंद. काकांना जुलाब होतच होते, म्हणून रेसिडेंटनं फायबरवालं लावलं होतं. सर्जननी मानेच्या नळीचा संमतीचा कागद मागवला होता.

बाई रेसिडेंटवर तुटून पडल्या. "मी लिहिलं होतं ना? वाचता येतं की नाही?"

पोरगी रडवेली झाली होती, पण मागे हटली नाही. "पहिली ओळ वाचली मॅडम. दरवेळी असंच असतं. वाटलं, पुढेही शिव्याच असतील."

बाईंनी फाइल उघडून स्वतःची पहिली ओळ पुन्हा वाचली.

मग बाई सर्जनकडे गेल्या, पोट उतरल्यावर पेप्टाइडवालं परत लावायची एक संधी मागायला. "का ते लिहून द्या," ते म्हणाले. बाईंनी लिहिलं. साधं का नको, फायबर का नको, हेच का. अरुंद जागा आहे, ही पहिली ओळ. रोज वजन आणि जुलाबाचं प्रमाण बघायचं, पोट ताणलं तर फीड थांबवून सर्जनना कळवायचं. एकही टोमणा नाही. लिहिताना हात अवघडला होता, जणू परक्याचा होता. सर्जननी शेवटपर्यंत वाचलं आणि संमतीचा कागद बाजूला ठेवला. "आठवडाभर बघू. नाहीच जमलं तर मग मानेची नळी."

पोट उतरलं, पंप पुन्हा सुरू झाला. काका डोळे मिटून पडले होते. काकूंनी विचारलं, "ताई, काय लिहिलंत ते मला वाचून दाखवाल?"

बाईंनी वाचून दाखवलं. काकूंनी मान डोलावली.

"हे तर मलासुद्धा कळलं हो," त्या म्हणाल्या. "मग आधीच असं का नाही लिहिलंत?"